पीक सारखाच, तरी एक एपिसोड कुजबुजतो आणि दुसरा खेकसतो

माझा एक मित्र रात्री झोपताना इअरफोन लावून माझा पॉडकास्ट ऐकतो, म्हणजे झोप लागावी म्हणूनच ऐकतो बहुतेक, पण ऐकतो. एकदा सकाळी सकाळी त्याचा मेसेज, "अरे तुझा बारावा एपिसोड ऐकूच येत नव्हता म्हणून आवाज पार शेवटपर्यंत नेला, मग तो संपला आणि तेरावा आपोआप सुरू झाला. ताडकन उठून बसलो मी!" मी लगेच बचावात. म्हटलं शक्यच नाही, मी प्रत्येक एपिसोड एक्सपोर्ट करायच्या आधी नॉर्मलाइज करतो, सगळ्यांचा पीक, म्हणजे फाइलमधला सगळ्यात मोठा क्षण, वजा १ डीबीवर असतो, तुझ्याच फोनमध्ये काहीतरी असेल.

तरी मनात राहिलंच. संध्याकाळी ऑडासिटीत दोन्ही फाइल एकाखाली एक उघडल्या. पीक दोघांचा खरंच वजा १, पण चित्र बघूनच कळलं की मित्र बरोबर आहे. बारावा एपिसोड म्हणजे पाहुण्यांशी गप्पा, त्याचा वेव्हफॉर्म बारीक तारेसारखा आणि मध्येच चार ठिकाणी उंच सुळके. ते सुळके म्हणजे मी. माइकच्या अगदी तोंडाशी बसून खदाखदा हसलोय. तेरावा मी एकट्याने बोललेला, रेकॉर्डरचा कंप्रेसर, म्हणजे जोरातला आवाज दाबणारा भाग, चालू होता, त्यामुळे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत जाडजूड पट्टा.

म्हणजे मी इतके महिने काय करत होतो, तर फाइलमधला सगळ्यात मोठा एक क्षण शोधायचा, तो वजा १ ला न्यायचा आणि बाकी सगळं त्याच्या मागे फरफटत न्यायचं. बाराव्यात तो क्षण होता माझं हसणं, ते आधीच वर होतं त्यामुळे बोलणं होतं तिथेच खाली राहिलं. कानाला आवाज किती मोठा वाटतो ते त्या एका सुळक्यावर ठरत नाही, बोलणं सरासरी किती जोरात चाललंय त्यावर ठरतं, आणि ती सरासरी मी कधी मोजलीच नव्हती.

ती मोजायचं एकक म्हणजे लफ्स. टीव्ही-रेडिओवाल्यांनी हे आधीच सोडवून ठेवलंय, मोजायची पद्धत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ मध्ये बीएस १७७० नावाने ठरवली आणि युरोपातल्या ब्रॉडकास्टर्सनी २०१० मध्ये आर १२८ म्हणून वजा २३ हा आकडा पक्का केला. पॉडकास्टला वजा २३ फार हळू होतं, लोक बसमध्ये नाहीतर रस्त्यावर फोनवर ऐकतात. ॲपलची शिफारस वजा १६ लफ्स, एक डीबी इकडेतिकडे चालतं, आणि पीक वजा १ च्या वर जाऊ द्यायचा नाही. स्पॉटिफायचा आकडा वजा १४ आहे. मी वजा १६ धरला आणि तो विषय तिथेच संपवला, कारण कुठला आकडा घेतला यापेक्षा सगळे एपिसोड त्याच एका आकड्यावर असणं जास्त महत्त्वाचं.

मोजणीतली एक गोष्ट मला फार आवडली. आवाजाचे ४०० मिलीसेकंदांचे तुकडे करतात, वजा ७० च्या खालचे सरळ फेकून देतात, उरलेल्यांची सरासरी काढतात आणि मग त्या सरासरीपेक्षा १० ने खाली असलेले तुकडेही फेकून पुन्हा सरासरी काढतात. म्हणजे पाहुणे विचार करायला पाच सेकंद थांबले तर त्या शांततेने आकडा खाली येत नाही, फक्त खरं बोलणं मोजलं जातं. हे पुढे मला भलतंच कामाला आलं.

तर मोजलं. एफएफएमपेग, म्हणजे कमांड लिहून ऑडिओ-व्हिडिओवर काम करायचं सॉफ्टवेअर, होतंच कॉम्प्युटरवर:

```
ffmpeg -i ep12.wav -af loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11:print_format=json -f null -
```

यात कुठलीही फाइल तयार होत नाही, नुसते आकडे छापले जातात. बारावा निघाला वजा २३.४, तेरावा वजा १७.२. सहाचा फरक! मी म्हटलं सापडला चोर, यातला `loudnorm` हा फिल्टरच मोजतो पण आणि दुरुस्त पण करतो, मग काय, शेवटचं `-f null -` काढलं, तिथे नवीन फाइलचं नाव टाकलं आणि दोन्ही एपिसोड त्यातून काढले. दोन मिनिटांत काम झालं म्हणून खुशीत होतो.

नवीन बारावा लावला. आवाज मोठा झाला होता यात वादच नाही, पण पाहुणे बोलायचे थांबले की मागचा पंखा हळूहळू वर यायचा, घोंऽऽ करत, आणि पुढचा शब्द आला की झटकन खाली. त्यांचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता. शिवाय वेव्ह फाइल मूळच्या चौपट आकाराची झाली होती, ते तर काही कळेचना.

मग नीट वाचत बसलो तेव्हा उलगडलं. असं एका फेरीत चालवलं की या फिल्टरला पुढे काय येणार आहे ते माहीत नसतं, त्यामुळे तो चालता चालता आवाज खालीवर करत राहतो, जिथे हळू वाटलं तिथे वर ओढतो, आणि हळू जागा म्हणजे बहुतेक वेळा पंखाच. फाइलच्या आकाराचं कारणही तेच. या पद्धतीत तो आतल्या आत सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, १९२ किलोहर्ट्झला नेतो आणि आपण काही सांगितलं नाही तर तशीच फाइल हातात देतो. माझी ४८ ची होती, म्हणून चौपट. कमांडमध्ये `-ar 48000` टाकलं की ते सुटतं.

यावरचा उपाय म्हणजे दोन फेऱ्या, पहिल्या फेरीत मोजायचं आणि ते आकडे दुसऱ्या फेरीत त्याच्या हातात द्यायचे, सोबत `linear=true`, मग तो अख्ख्या एपिसोडला एकच वाढ देतो, बाकी कशाला हात लावत नाही. मी ते केलं. परत पंखा! डोकं फिरायची वेळ आली होती. मग शेवटी छापून आलेल्या ओळींमध्ये एक ओळ दिसली जी मी आधी वाचलीच नव्हती:

```
Normalization Type:   Dynamic
```

म्हणजे मी लिनियर मागितलं होतं आणि त्याने एक अक्षर न बोलता डायनॅमिक करून दिलं. का, ते साध्या बेरजेत आहे. वजा २३.४ वरून वजा १६ ला जायचं तर ७.४ डीबी वाढवायला हवेत. माझ्या हसण्याचा पीक वजा १ वर. त्यात ७.४ मिळवले की अधिक ६.४, म्हणजे शून्याच्या पार वर, आवाज फाटणारच. मी त्याला मर्यादा दिली होती वजा १.५ ची. एकच सरळ वाढ देऊन ती पाळणं शक्यच नाही म्हणून तो आपोआप दुसऱ्या पद्धतीवर गेला. (दुसरी एक अट पण आहे, एपिसोडमधल्या हळू-मोठ्याची मोजलेली रेंज आपण दिलेल्या `LRA` पेक्षा जास्त असेल तरीही तो असंच करतो. म्हणून मी ११ देतो, काहीच दिलं नाही तर तो ७ धरतो आणि गप्पांच्या एपिसोडला ते अपुरं पडू शकतं.)

इथे मला खरा मुद्दा कळला. लाउडनेस नॉर्मलायझेशन ही शेवटची पायरी आहे, त्याआधी मिक्स असा हवा की नुसता आवाज वाढवला तरी काही फुटणार नाही. माझ्या मिक्समध्ये चार हसण्यांनी सगळं अडवून ठेवलं होतं.

सुदैवाने आम्हा दोघांचे ट्रॅक वेगवेगळे होते. दोन्ही वेगळे मोजले, आणि इथे ती शांतता फेकून देणारी गंमत उपयोगी पडली. पाहुण्यांच्या ट्रॅकवर मी बोलत असताना नुसती शांतता आहे, पण ती मोजलीच जात नाही, त्यामुळे आकडा फक्त त्यांच्या बोलण्याचा येतो. माझा वजा २४, त्यांचा वजा ३०.२! माणूस माइकपासून हातभर लांब बसला होता आणि रेकॉर्डिंगच्या वेळी मी गप्पांच्या नादात मीटरकडे बघितलंच नव्हतं. पूर्ण एपिसोडचा एकच आकडा बघून हे कधीच कळलं नसतं, सरासरी वजा १६ आणली तरी आतल्या आत मी जोरात आणि पाहुणे हळू असंच राहिलं असतं, आणि ऐकणाऱ्याचा हात मग एपिसोड बदलताना नाही तर दर प्रश्न-उत्तराला व्हॉल्यूमवर गेला असता.

पाहुण्यांचा ट्रॅक ६ डीबीने वर घेतला. पंखाही ६ ने वर आला, साहजिकच, म्हणून जिथे जिथे मीच बोलतोय तिथे त्यांचा ट्रॅक बराच खाली केला. पूर्ण म्यूट केला नाही, केला की मागची हवा एकदम गायब होते आणि ते कानाला टोचतं. मग ती चार हसणी शोधून एकेक करून हाताने ६ डीबीने खाली घेतली. हे काम कंप्रेसरवर सोडता येतं पण एवढा मोठा सुळका आला की तो सोबतचे शब्दही दाबून टाकतो, चारच तर होती, दहा मिनिटं लागली. त्यानंतर हलका कंप्रेसर, ३ ला १, जोरातल्या शब्दांवर ३-४ डीबी कमी करेल एवढाच. आणि सगळ्यात शेवटी लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या छताच्या वर आवाज जाऊच न देणारा, वजा ८ वर.

लिमिटर वजा ८ वर का, वजा १ वर का नाही, असं माझ्या सहनिवेदक मैत्रिणीने विचारलं होतं, आणि प्रश्न बरोबर आहे. कारण अजून आवाज वाढवायचा बाकी आहे. साधारण ६ डीबी वाढ द्यावी लागणार असा अंदाज होता, मग आत्ता छत वजा ८ ला ठेवलं तर वाढीनंतर ते वजा २ च्या आसपास जाऊन थांबेल. अंदाज चुकला तर मागे येऊन छत बदलायचं, त्यात काही मोठं नाही.

परत मोजलं. वजा २२.१ लफ्स, पीक वजा ७.८, रेंज ६.२. लिमिटर वजा ८ वर असून पीक वजा ७.८ कसा, तर माझा लिमिटर फक्त सॅम्पल बघतो आणि एफएफएमपेग मोजतो ट्रू पीक, म्हणजे दोन सॅम्पलच्या मध्ये लाट प्रत्यक्षात किती वर जाते ते. थोडा फरक पडतोच, म्हणून जागा सोडून ठेवायची. आता बेरीज: वाढ ६.१, पीक जाणार वजा १.७ ला, मर्यादा वजा १.५. बसलं!

```
ffmpeg -i ep12_mix.wav -af loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11:measured_I=-22.1:measured_TP=-7.8:measured_LRA=6.2:measured_thresh=-32.4:linear=true:print_format=summary -ar 48000 ep12_final.wav
```

`measured_thresh` चा आकडा पहिल्या फेरीतल्या `input_thresh` वरून जसाच्या तसा उचलायचा. यावेळी खालच्या ओळीत `Linear` आलं आणि पंखा जागच्या जागी राहिला. आता ही ओळ बघितल्याशिवाय मी कुठलीही फाइल पुढे नेत नाही, आकडा बरोबर वजा १६ आला असला तरी, कारण डायनॅमिकमध्येही आकडा वजा १६ च्या जवळच येतो. आकड्यावरून काहीच कळत नाही.

दोन्ही एपिसोड नव्याने चढवले, मित्राला म्हटलं आता ऐक. दुसऱ्या दिवशी उत्तर, "बारावा झकास. पण तेरावा आधीपेक्षाही मोठा वाटतोय, खरं सांगतो." आता मात्र मला वाटलं हा मुद्दाम करतोय. दोन्ही फाइल वजा १६! माझ्याकडे पुरावा आहे!

मग मी स्वतः फोनवर एकामागून एक लावले. मोठाच होता. थोडा नाही, चांगलाच.

तासभर घातल्यावर कारण सापडलं ते असं, बारावा स्टिरिओ आणि तेरावा मोनो. एकटाच बोलतोय तर फाइल लहान होईल म्हणून मी एकट्याचे एपिसोड मोनो करायचो. मीटर सगळ्या चॅनलची ऊर्जा एकत्र धरून मोजतो. तोच आवाज दोन चॅनलवर असला की एका चॅनलपेक्षा ३ ने जास्त दाखवतो. मोनो फाइलमध्ये चॅनल एकच, म्हणून मीटर ३ ने कमी दाखवतो, पण वाजताना फोन ती दोन्ही कानांत वाजवतो. म्हणजे मोनोचे वजा १६ हे कानाला वजा १३ असतात, आणि स्टिरिओच्या वजा १६ इतकं ऐकू यायला मोनो फाइल मीटरवर वजा १९ दिसली पाहिजे.

आता माझा मूर्खपणा बघा. तेरावा सुरुवातीला मीटरवर वजा १७.२ होता, म्हणजे कानाला वजा १४.२. त्याला खरं तर १.८ ने खाली आणायला हवं होतं. मी काय केलं, तर १.२ ने वर नेला! मित्र शब्दशः बरोबर होता. आणि पहिल्या दिवशी मला जो सहाचा फरक वाटला होता तो मुळात नऊच्या वर होता, ताडकन उठून बसला त्यात काही नवल नाही.

याला फिल्टरमध्ये एक पर्याय आहे, `dual_mono=true`, तो दिला की मोनो फाइल दोन कानांत वाजणार असं धरूनच मोजणी होते. स्टिरिओ फाइलला त्याने काही फरक पडत नाही, त्यामुळे मी आता तो सगळ्याच कमांडमध्ये ठेवून दिलाय, आठवण ठेवायची भानगड नको. ऑडासिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये पण याचाच एक टिकमार्क असतो, मोनोला ड्युअल मोनो धरा म्हणून, तो काढू नका. तेरावा मग मूळ फाइलपासून परत केला, नुसता १.८ ने खाली, लिमिटर नाही, काही नाही.

मग जुने एपिसोड. सगळे एमपी३ एका फोल्डरमध्ये टाकून मोजले:

```
for f in *.mp3; do echo "$f"; ffmpeg -hide_banner -nostats -i "$f" -vn -af ebur128=dualmono=true -f null - 2>&1 | grep "I:" | tail -1; done
```

यात `-vn` आहे ते कव्हरच्या चित्रासाठी, नाहीतर ते व्हिडिओ समजून त्यावर पण काम करत बसतं. लक्षात घ्या, इथे पर्यायाचं नाव `dualmono` आहे, मधली रेघ नाही, मी अर्धा तास त्यात घालवलाय. यादी बघून मलाच लाज वाटली. सगळ्यात हळू वजा २५, सगळ्यात मोठा वजा १२.९.

ज्यांचे मूळ ट्रॅक होते ते वरच्याच रीतीने पुन्हा केले. काहींचे ट्रॅक मी डिस्क भरली म्हणून उडवले होते, फक्त एमपी३ उरलेली. ती उघडून परत एमपी३ केली की आवाजाचा दर्जा आणखी उतरतो, म्हणून त्यांच्यासाठी एमपी३गेन वापरलं, ते फाइल पुन्हा एन्कोड न करता आतला गेनचा आकडाच बदलतं. फक्त १.५ डीबीच्या पायऱ्यांनीच बदलता येतं. वजा १२.९ वाला चौथा एपिसोड दोन पायऱ्या खाली घेतला, `mp3gain -g -2 ep04.mp3`, झाला वजा १५.९. खाली आणायला हे उत्तम. वर न्यायला मात्र जपून, इथे लिमिटर नाहीये, पीक शून्याच्या वर गेला की वाजताना फाटणार. त्यामुळे हळू असलेले दोन जुने एपिसोड मी वजा १९ पर्यंतच नेऊ शकलो आणि तिथेच सोडले.

एक अजून, सुरुवातीचं म्युझिक. पूर्ण एपिसोड बरोबर वजा १६, पण पहिल्या वीस सेकंदांची ट्यून कानठळ्या बसवणारी, कारण पाऊण तासाच्या सरासरीत वीस सेकंद कुठे दिसतात. यासाठी तीन सेकंदांची सरासरी दाखवणारा शॉर्ट टर्म मीटर बघायचा. मी ट्यून बोलण्यापेक्षा ३ ने खाली ठेवतो, हा नियम वगैरे नाही, माझ्या कानाला तेवढं बरं वाटतं एवढंच.

आणि शेवटचं मोजमाप वेव्हवर नाही, एमपी३ वर करायचं. बाराव्याचा पीक वेव्हमध्ये वजा १.७ होता, एमपी३ केल्यावर वजा १.२ आला, लाउडनेस तसाच राहिला. एन्कोडिंगमध्ये लाटेचा आकार थोडा बदलतो, म्हणून मी मर्यादा वजा १ न ठेवता वजा १.५ ठेवतो. वेव्हमध्ये काठावर असलेली फाइल एमपी३ मध्ये काठ ओलांडते.

मित्राची तक्रार बंद झाली, असं म्हणणार होतो, पण परवा परत मेसेज आला. एपिसोड सगळे सारखे आहेत म्हणे, आता मध्येच येणारी जाहिरात मोठी वाटते. ती होस्टिंगवाले नंतर घुसवतात, माझ्या फाइलमध्ये नसतेच. मी एपिसोड डाउनलोड करून तेवढा तुकडा कापून मोजला, वजा १२.५ निघाला, आकडे लिहून त्यांना मेल टाकलाय. अजून उत्तर नाही.